सहा लाखांचं घर

बावीस वर्षं मी दावे टाइप करते आहे आणि एका गोष्टीचं मला अजून नवल वाटतं. माणूस घर विकायला काढतो तेव्हा ते साठ लाखांचं असतं. त्याच घरासाठी कोर्टात जायची वेळ आली की ते सहा लाखांचं होतं. भिंती त्याच, कौलं तीच, नारळसुद्धा तेवढेच पडतात. फरक एवढाच, की पहिल्या वेळी पैसे यायचे असतात आणि दुसऱ्या वेळी कोर्ट फी जायची असते.

केळुसकर मास्तरांचंही तेच झालं. गुरुप्रसाद केळुसकर हे निवृत्त गणिताचे मास्तर. मालवणात अर्ध्या गावाने त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या आहेत, त्यात मीही आले. तारकर्लीला त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घर बांधलं होतं. चार खोल्या, पुढे पडवी, मागे आठ गुंठे माडाची जमीन. वडील वारले आणि वर्षभरात शेजारच्या केयूर नावाच्या माणसाने त्या घरावर लॉजिंगचा बोर्ड लावला. म्हातारबांनी मला हे घर विकलं, हा बघा कागद, असं त्याचं म्हणणं. कागद म्हणजे शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहिलेल्या नऊ ओळी. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसची पायरी त्या कागदाने कधी चढली नव्हती.

मास्तर दहा वर्षं गावकीत बोलणी करत राहिले. मग एकदा आमच्या ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे मालवणात भरड नाक्यावर भार्गवी मॅडमची दोन खोल्यांची जागा. आधी तिचे वडील वकिली करायचे, आता ती करते. वयाने ती माझ्या मुलीएवढी, पण कामात मी तिला मॅडमच म्हणते आणि ती मला सुगंधाताई.

पहिल्याच दिवशी मास्तर वहीत गणित मांडून आले होते.

"मॅडम, मी कायदा वाचलाय," ते म्हणाले. ऑफिसात ते शुद्ध बोलतात. "घर माझं आहे एवढंच कोर्टाने जाहीर करावं, असं मागितलं तर ताब्याच्या दाव्याला जी फी लागते तिच्या पाव लागते. त्याच्या जोडीला मनाई हुकूम मागितला तर अर्धी. ताबाही मागितला तर पूर्ण. बरोबर?"

"बरोबर," मॅडम म्हणाली.

"मग आपण पाव भरू. घर माझं ठरलं की तो निघेलच ना."

"तो का निघेल? त्याला बाहेर काढा असं कोर्टाने म्हटलंच नसेल तर बेलीफ कुणाच्या हुकुमावर येणार? आणि ताबा दुसऱ्याकडे असताना नुसती घोषणा मागितली, तर कोर्ट विचारणार, पुढचं मागता येत होतं, ते का नाही मागितलं? दावा त्याच कारणावर पडेल. जे हवं ते मागायचं, आणि जे मागाल त्याची फी भरायची."

मास्तरांनी वहीतलं पान उलटलं. पुढच्या पानावर दुसरं गणित तयारच होतं. माडाच्या शेतजमिनीची किंमत सरकारी आकाराच्या ठरलेल्या पटीने धरतात. आकार म्हणजे सातबारावरचा शेतसारा, तो काही रुपयांत असतो. म्हणजे तिथे फी नावालाच. घराला मात्र बाजारभाव लागतो. तिथे मास्तरांनी ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावरून सहा लाख हा आकडा काढला होता.

"हा बाजारभाव नाही, मास्तर."

"कोर्ट काय टेप घेऊन मोजायला येणार आहे?"

मॅडमने त्यांच्याकडून लिहून घेतलं, की दाव्याचं मूल्यांकन मी सांगितलं आणि कमी ठरलं तर जबाबदारी माझी. मी टाइप केलं. ओरोसच्या कोर्टात दावा दाखल झाला. तिथल्या कारकुनाने तक्ता बघून बेरीज तपासली. सहा लाखांवरची फी सहा लाखांच्या हिशोबाने बरोबर होती, म्हणून दाव्याला नंबर पडला. मास्तर खूश. पेपरात एखाद्या मुलाने चुकीचं सूत्र घेऊन अचूक उत्तर काढलं तर ते किती मार्क देत, हे मला विचारायचं होतं, पण राहिलं.

कोर्ट टेप घेऊन आलं.

केयूरच्या वकिलाने अर्ज दिला, की दाव्याचं मूल्यांकन कमी आहे, आधी त्याची चौकशी व्हावी. गंमत बघा. दाव्याच्या उत्तरात याच केयूरने लिहिलं होतं, की घर मोडकळीला आलेलं होतं, त्याला काही किंमत नव्हती, मीच जीव ओतला. आणि या अर्जात तेच घर पर्यटनामुळे सोन्याच्या भावाचं झालं होतं. मला हसू आवरेना. पण फीच्या बाबतीत तो खोटं बोलत नव्हता, आणि कोर्टाला अशी शंका आली की कुणाला तरी नेमून चौकशी करता येते. कमिशनर म्हणून एक वकील नेमले गेले आणि मदतीला जुबेर नावाचे मूल्यांकनकार.

त्या दिवशी मीही तारकर्लीला गेले होते. मॅडमचं दुसरीकडे काम होतं, आणि मला ते घर बघायचंच होतं. बारा वर्षांपूर्वीचा वाद, तीन फुटी फाईल आणि घर मात्र मी कधी पाहिलेलं नाही, हे मला बरं वाटत नव्हतं.

जुबेरभाई शांतपणे मोजत होते. लांबी, रुंदी, भिंतीची जाडी. मास्तर त्यांच्या मागून पडवीत चढले आणि त्यांचा चेहराच बदलला. दहा-बारा वर्षांनी पाय लागला असेल. खांबावर हात ठेवून ते उभे राहिले आणि पुढच्या क्षणी सुरू झाले.

"हे जोतं बघा. कातळातला चिरा, हाताने घडवलेला. आता असा मिळतो? वासे फणसाचे. बाबांनी तीन वर्षं लाकूड सुकवलं होतं. वाळवी बघा कुठे सापडते का. नाही सापडणार!"

"मास्तर," मी हळूच म्हटलं, "पाणी पिवया?"

"माका नको पाणी." आणि परत जुबेरभाईंना, "विहिरीचं पाणी मे महिन्यात पण गोड. समुद्रापासून एवढ्यावर आणि गोड! तारकर्लीत कुणाची अशी विहीर असेल तर दाखवा."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. खरंच दिला, चपलेसकट. त्यांनी पाय काढून घेतला आणि स्वयंपाकघराच्या ओट्याकडे निघाले. जुबेरभाई सगळं लिहून घेत होते. केयूरचा वकील तर गालातल्या गालात हसत होता, त्याच्या अशिलाचं काम आमचा अशील करत होता. हा माणूस आपल्या तोंडाने आपली फी वाढवत होता आणि बापाच्या घराचं कौतुक थांबवणं काही त्याला जमत नव्हतं. मला राग आला आणि त्याच वेळी तो माणूस पहिल्यांदा थोडा आवडला.

अहवाल आला, घर आणि त्याखालची जागा मिळून बावन्न लाख. दोन्ही बाजूंचं ऐकून कोर्टाने तोच आकडा धरला आणि हुकूम केला. वादीने मूल्यांकन दुरुस्त करावं आणि कमी पडलेली फी एकवीस दिवसांत भरावी. तोवर दावा आहे तिथे थांबेल.

आमच्याकडे फीचा तक्ता काचेखाली लावलेला आहे. रक्कम वाढत जाते तसा टक्का उतरतो, त्यामुळे बावन्न लाखांची फी सहा लाखांच्या फीच्या नऊपट होत नाही. तरी फरक एवढा होता, की त्यात होडीला नवं इंजिन आलं असतं. मास्तरांनी हिशोब पुन्हा पुन्हा केला. उत्तर तेच आलं.

"नाही भरली तर?" त्यांनी विचारलं.

"वादपत्र नामंजूर होईल," मॅडम म्हणाली. "म्हणजे तुम्ही हरलात असं नाही, घर कुणाचं हा प्रश्न कोर्ट बघणारच नाही. कायदा म्हणतो, नवीन दावा लावायला तुम्ही मोकळे."

"मग झालं तर! नंतर सावकाश लावू."

"नाही झालं. केयूरने बोर्ड लावला तेव्हापासून बारा वर्षांच्या आत ताब्याचा दावा दाखल असायला हवा. ती बारा वर्षं तेहतीस दिवसांनी संपतात. आता फी भरलीत तर पहिल्या दिवशीच पूर्ण भरली असं धरलं जाईल, दाव्याची तारीख जुनीच राहील. पण नामंजूर झाल्यावर नवीन दावा म्हणजे नवीन तारीख. तेहतीस दिवस उलटून गेले की घर गेलं."

"मुदत वाढवून मागा."

"मागता येते, पण कोर्टाला तसंच असाधारण कारण पटावं लागतं. पैसे नाहीत हे सगळेच सांगतात."

मास्तरांकडे खरंच नव्हते. मुलगी श्रिया रत्नागिरीला शिकते, तिच्यासाठी फंडातले काढले होते आणि पतपेढीचं एक कर्ज आधीच डोक्यावर होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बापाचं घर एकवीस दिवसांवर आलं होतं.

मग मॅडम म्हणाली, "एक मार्ग आहे. तुम्हाला बहीण आहे ना?"

मास्तरांनी चष्मा उचलला.

"मालमत्तेच्या वादात वादी स्त्री असेल तर आपल्या राज्यात तिला कोर्ट फी माफ आहे. तशी सरकारची अधिसूचनाच आहे. वडिलांच्या मिळकतीत तिचा हिस्सा असेल तर ती सहमालक. आणि घुसखोराविरुद्ध एकटा सहमालकही सगळ्या घराचा ताबा मागू शकतो. मुदत संपायच्या आत तिने दावा लावला तर फीचा प्रश्न येत नाही."

मी मनात म्हटलं, सुटलो! पण मास्तर उठले.

"ताईला यात ओढायचं नाही," ते म्हणाले. "आमच्यात बायका कोर्टाची पायरी चढत नाहीत."

"मी रोज चढते," मॅडम म्हणाली.

"मी पण," मी म्हटलं. "पिशव्या घेऊन."

ते गेले. पण माझ्या डोक्यातून ते जाईनात. फुकटचा दरवाजा उघडा आहे आणि माणूस त्याच्यासमोरून निघून जातो, ते का? बहिणीच्या अब्रूसाठी? मालवणात असे भाऊ असतीलही, मला अजून भेटलेले नाहीत. माझा स्वभावच असा आहे. कुणी एखादं खाणं 'नको' म्हटलं तरी का नको हे कळेपर्यंत मला झोप येत नाही.

चौकशीच्या वेळी मास्तरांनी घराच्या कागदांची आख्खी पिशवी आमच्याकडे ठेवली होती, यादी करायची म्हणून. यादी माझं काम. दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन बसले. घरपट्टीच्या पावत्या, विहिरीच्या पंपाचं बिल, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, फेरफार. फेरफारात मास्तरांचं एकट्याचं नाव लागलं होतं, तेवढं आम्ही आधीही पाहिलं होतं. त्याखाली घडी घातलेला एक कागद होता. शंभराचा स्टॅम्पपेपर. 'मी, लीला, मयत वडिलांच्या मिळकतीतील माझा हक्क भाऊ गुरुप्रसाद याच्या लाभात राजीखुशीने सोडत आहे.' खाली बहिणीची ठसठशीत सही. तारीख वडिलांच्या तेराव्याची.

कागद उलटला. मागे काही नाही. नोंदणीचा शिक्का नाही, नंबर नाही, काही नाही.

मी उठून मास्तरांच्याच दाव्याची प्रत काढली. सातवा परिच्छेद मीच टाइप केला होता, त्यांनी वहीतून मुद्दे वाचून दाखवले होते. 'प्रतिवादीच्या कथित कागदाची नोंदणी झालेली नाही. नोंदणीशिवाय स्थावर मिळकतीतील कोणाचाही हक्क जात नाही व कोणासही मिळत नाही.'

कोणाचाही.

मॅडमला दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. तिने ते दोनदा वाचले. मग म्हणाली, "हे मी पहिल्या दिवशी मागायला हवं होतं. फेरफारावर विसंबले. चूक माझी." वकील असं म्हणत नाहीत. ही म्हणते, म्हणून मी इथे आहे.

मास्तरांना बोलावलं. मॅडमने त्यांना सातवा परिच्छेद वाचायला दिला. वाचून झाल्यावर समोर बहिणीचा कागद ठेवला.

"नोंदणी का नाही केलीत?"

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. "खर्च," ते म्हणाले. "आणि तिला देवगडहून परत बोलवावं लागलं असतं. तेव्हा वाटलं, घरातल्या घरात कशाला? ताईची सही म्हणजे सही."

"खर्च नगण्य होता."

"ठाऊक आहे."

मला फार विचित्र वाटलं. हा माणूस दोनदा पैसे वाचवायला गेला. एकदा बहिणीच्या कागदाची नोंदणी टाळून, एकदा घराची किंमत लपवून. दुसऱ्या वेळचा खड्डा भरायला त्याला पहिल्या वेळची बचतच उपयोगी पडणार होती. कागद नोंदलेला असता तर लीलाताईंचा घरात काडीचा हक्क उरला नसता, आणि आता त्यांच्या नावाने दावाही लावता आला नसता.

मॅडम म्हणाली, "हिस्सा तिचा आहे, अर्धा. पण मी सांगते ते नीट ऐका. तिचं नुसतं नाव वापरून फी चुकवायची असेल तर मी लिहिणार नाही. दावा तिचा खरा असायला हवा. वादपत्रात पहिल्याच परिच्छेदात येईल, की ती आणि तुम्ही दोघं वारस, निम्मे-निम्मे मालक. तुम्ही सहमालक म्हणून प्रतिवादी क्रमांक दोन. तुमचा आत्ताचा दावा पुढे चालणार नाही. मी तिची वकील होईन, तुमची नाही, आणि त्याला तुमची लेखी संमती लागेल. आणि हे तिला तुम्ही स्वतः सांगायचं."

"कोर्टाच्या कामाला सही पाहिजे एवढं सांगितलं तर?"

"तर मी सांगेन. पण मग ती तुमच्याविषयी काय समजेल ते तुम्हीच ठरवा."

चौदा दिवस मास्तर आले नाहीत. मी रोज कॅलेंडरकडे बघायचे. फी भरायचे दिवस संपत होते, बारा वर्षं संपत होती. पंधराव्या दिवशी सकाळी ते लीलाताईंना घेऊन आले.

लीलाताई देवगडजवळ कुणकेश्वरला देवळाच्या वाटेवर फुलं-नारळ विकतात. नवरा अंथरुणाला खिळलेला, म्हणून दुकान त्याच बघतात. पासष्टीच्या, बारीक, ताठ. खुर्चीवर बसल्या आणि पर्समधून चष्मा काढून म्हणाल्या, "खंय करूची सही? माका दुपारच्या आरतीक परत जावक व्हया. दुकानात कोण नाय."

म्हणजे मास्तरांनी सांगितलं नव्हतं. मॅडमने त्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. माझी नजर बरी नव्हती असं त्यांनी नंतर मला सांगितलं.

"ताई," मास्तर म्हणाले. पुढचं काही येईना. वर्गात चाळीस मुलांसमोर ज्याचा आवाज कधी अडला नाही, तो माणूस टेबलाची कड चाचपत होता. "ताई, तेराव्याक तू सही केल्लंस ना... तो कागद चलाचो नाय."

"मगे परत करतंय. आण."

"तसां नाय. तुझो वाटो अजून आसा. अर्दो. आदीपासून होतो. घर जितक्या माझा, तितक्याच तुझा."

लीलाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुका कधी समाजला?"

"पंद्रा दिस झाले."

"आणि त्येच्या आदी?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मी बारा वर्सां तुझ्या दारात पावणी म्हणान येतंय," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "चवथीक येतंय, तां पण तुझ्या बायलेक फोन करून, येव काय म्हणान इचारून."

त्यांनी सही केली नाही. मॅडमला विचारून नव्या दाव्याच्या मसुद्याची प्रत घेतली, घडी घालून पर्समध्ये ठेवली, आणि आरतीच्या आधी पोचायला म्हणून निघून गेल्या. मास्तर त्यांच्या मागून स्टँडपर्यंत गेले. त्या मागे वळल्या नाहीत, हे मी आमच्या जिन्यावरून पाहिलं.

मग वाट बघणं आलं. मास्तर सकाळी दहाला येऊन बाकावर बसायचे, सहाला उठायचे. तिसऱ्या दिवशी मी त्यांना चहा दिला.

"येतली काय गो ती?" त्यांनी विचारलं.

"तुमका काय वाटता?"

"माका वाटता येव नये," ते म्हणाले. "मी तिच्या जाग्यार असतंय तर येवचंय नाय."

फी भरायचा एकविसावा दिवस उलटला. भरणा झाला नाही, वादपत्र नामंजूर झालं. मॅडमने मास्तरांना समजावलं होतं, तरी हुकूम त्यांनी तीन वेळा वाचला. आता त्यांच्या हातात काही नव्हतं. बारा वर्षं पुरी व्हायला नऊ दिवस उरले होते आणि घर कुणकेश्वरच्या एका फुलवालीच्या पेनावर टांगलेलं होतं.

पाच दिवस उरले असताना लीलाताई आल्या. एकट्या. हातात कापडी पिशवी. बाकावर भाऊ बसलाय हे पाहून त्या थांबल्या, मग पिशवीतून एक साडी काढली. मोरपंखी, घडी न मोडलेली, दुकानाचा कागद तसाच.

"तेराव्याक सही केल्यार दिलंस ती," त्या म्हणाल्या. "मी नेसलंय नाय. कित्याक नेसलंय नाय तां माकाच म्हायत नव्हता. आता म्हायत पडला. घे परत."

मास्तरांनी साडी दोन्ही हातांनी घेतली. कुठे ठेवावी ते त्यांना कळेना, म्हणून मांडीवर धरून बसले.

लीलाताई माझ्या टेबलाशी आल्या. मी अंतिम वादपत्र काढून दिलं. त्या एकेक ओळ बोट ठेवून वाचू लागल्या. 'वादी, लीला', तिथे बोट जरा जास्त वेळ राहिलं. केयूर, प्रतिवादी एक. गुरुप्रसाद, प्रतिवादी दोन. घराचं वर्णन, चार सीमा. पुढे मूल्यांकनाचा परिच्छेद आला.

"बावन्न लाख?"

"खरो भाव, लीलाताई. फी माफ झाली तरी किंमत खरी लिवक व्हयीच. कोणत्या कोर्टाक अधिकार तां त्येच्यार ठरता."

"आणि फी किती?"

"काय नाय."

"येवड्या घराची काय नाय?"

"नाय. वादी बाईमाणूस आसा म्हणान माफ."

त्यांनी चष्मा वर केला. बाकावर मांडीवर साडी घेऊन बसलेल्या भावाकडे पाहिलं, आणि परत कागदाकडे.

"बरां," त्या म्हणाल्या. "घर माका मिळूक नाय तां पण बाईमाणूस म्हणानच."

मला वाटलं रडू येईल, आणि आलंच. मी अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे केलं होतं, उगाच, सवयीने. लीलाताईंनी ते बोटाने बाजूला सारलं आणि माझ्याकडे पेन मागितलं.